‘गणित कच्चे’ म्हणण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप शाळेकडून आला तेव्हा पहिल्यांदा आठवणी लिहाव्यात असे वाटले होते. वसतिगृहाची पहाट, जेवणघरातील रांग, रात्रीचा अभ्यासतास यांच्या आठवणी माझ्याजवळही पुष्कळ आहेत. पण त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात नक्कीच असतील. मी लिहिणार आहे ते एका आग्रहाविषयी. गेली काही वर्षे रविवारी सकाळी मी शाळेत येतो आणि आठवीच्या मुलामुलींची शिष्यवृत्ती परीक्षेची सराव चाचणी घेतो. आठवड्याचे उरलेले सहा दिवस मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. या दोन कामांतून एक गोष्ट माझ्या मनाशी पक्की झाली आहे. सराव परीक्षेचे एकूण गुण फळ्यावर लिहून आपण मुलांची प्रगती मोजतो असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे. जुनी प्रश्नपत्रिका हे एक उत्तम मोजमापाचे साधन आहे, पण ते कसे धरायचे हे ठाऊक नसेल तर ते खोटे माप दाखवते.

ज्या पालकांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीला होत असे. २०१७ पासून ती पाचवी व आठवीला घेतली जाऊ लागली. दोन पेपर असतात. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न. प्रत्येक पेपरला ९० मिनिटे आणि १५० गुण, म्हणजे एका प्रश्नाला दोन गुण. उत्तर लिहायचे नसते. चार पर्यायांतून निवडून ओएमआर उत्तरपत्रिकेवर त्याचे वर्तुळ पेनने रंगवायचे असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. आठवीच्या पेपरात मात्र एक खास गोष्ट आहे. जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळतात. एकच रंगवले तर शून्य. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात चाळीस टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मात्र त्याहून बरीच वर असलेल्या गुणवत्ता यादीतील मुलांना मिळते.

आता या स्वरूपातच दडलेली एक गोष्ट पाहू. गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, असे आपण मुलांना शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून वर्तुळ रंगवले तरी चारांतून एकदा ते बरोबर येते. दोन अचूक पर्यायांच्या प्रश्नात चार वर्तुळांच्या सहा जोड्या होतात, म्हणून तिथे सहांतून एकदा. एका पेपरात ६० साधे आणि १५ दुहेरी प्रश्न धरले, तर काहीही न वाचता वर्तुळे रंगवणाऱ्या मुलाचे सरासरी सतरा-अठरा प्रश्न बरोबर येतील. म्हणजे सुमारे ३५ गुण. याचा दुसरा अर्थ असा की, ज्याला ७५ पैकी अवघे सोळा-सतरा प्रश्न खरोखर येतात तोही उरलेल्यांच्या नशिबावर चाळीस टक्क्यांच्या रेषेला टेकू शकतो. फळ्यावर त्याच्या नावापुढे ६० लिहिले जाते. घरी फोन जातो, ‘तुमचा मुलगा पास होतोय.’ प्रत्यक्षात त्याला पेपरातील चौथा हिस्साही येत नसतो.

कारखान्यात आम्ही नाकारलेला भाग लाल पेटीत टाकतो. पण दिवसअखेर लाल पेटीत चाळीस भाग पडले, एवढ्याने कोणाचे काम होत नाही. त्यांतले किती भोकाच्या मापात चुकले, किती कडेच्या बुरामुळे गेले, किती गंजामुळे गेले याची वर्गवारी केल्याशिवाय कोणत्या यंत्राशी जायचे हे कळत नाही. भोकाचे माप चुकत असताना कोणी सगळ्याच यंत्रांना तेलपाणी करत बसला तर त्याला आम्ही हसू. शाळेत मात्र आपण नेमके हेच करतो. पहिल्या पेपरात गणिताचे गुण कमी दिसले की ‘हिचे गणित कच्चे आहे’ असे म्हणून तिला गणिताच्या जादा तासाला बसवतो.

एका मुलीचे उदाहरण सविस्तर सांगतो. वडील महाळुंगेकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, आई भोसरीत शिवणकाम करते. ऑगस्टमध्ये आम्ही पहिली चाचणी घेतली, ती एका मागील वर्षाच्या प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेवर. तिला पहिल्या पेपरात १५० पैकी ९६ गुण पडले. ७५ पैकी ४८ प्रश्न बरोबर. भाषेत २५ पैकी १९, गणितात ५० पैकी २९. वर्गशिक्षिकांनी आणि मीही तेच म्हटले, जे कोणीही म्हणेल: भाषा बरी, गणित कच्चे.

सुदैवाने त्या चाचणीपासून आम्ही दोन साध्या खुणा सुरू केल्या होत्या. पहिली खूण अशी: वर्तुळ रंगवताना मुलाने प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी एक अक्षर लिहायचे. उत्तराची खात्री असेल तर ‘ख’, अंदाजाने रंगवले असेल तर ‘अं’. दुसरी खूण वेळेची: दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवायची आणि त्या क्षणी मूल ज्या प्रश्नावर असेल तिथे त्याने आडवी रेघ मारायची. दोन्ही खुणांना मिळून सगळ्या पेपरात मिनिटभरही लागत नाही. पेपर तपासल्यावर मात्र याच खुणांवरून बरेच काही वाचता येते.

त्या मुलीचे गणितातले २१ प्रश्न चुकले होते. ते आम्ही विषयाच्या धड्यांप्रमाणे नव्हे, तर चुकीच्या कारणाप्रमाणे वेगळे काढले. गणितात दोन अचूक पर्यायांचे दहा प्रश्न होते. त्यांपैकी फक्त दोन बरोबर, आठ चूक. या आठांपैकी पाचांसमोर तिने ‘ख’ लिहिले होते. उत्तरपत्रिका पाहिली तर त्या पाचही ठिकाणी एकच वर्तुळ रंगवलेले, आणि ते बरोबर पर्यायाचे! म्हणजे तिला गणित आले होते, गुण मिळाले नव्हते. नंतर तिला जवळ बसवून तशाच घडणीचा एक प्रश्न मी तयार करून दिला: ‘पुढीलपैकी कोणत्या संख्येला १२ ने निःशेष भाग जातो? (दोन अचूक पर्याय निवडा.) १) २१४८ २) ३१५४ ३) ४२३६ ४) ५२३०’. तिने पहिल्या संख्येला बाराने भागले, १७९ आले, बाकी शून्य. पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, ‘सर, झालं.’ तिसरी संख्या तिने वाचलीच नव्हती. भाषेच्या विभागात मात्र तिचे पाचपैकी चार दुहेरी प्रश्न बरोबर होते, कारण समानार्थी शब्द शोधताना ती आपोआप चारही पर्याय वाचत होती. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाला एकच उत्तर असते आणि ते सापडले की वही मिटायची, ही सात वर्षांची सवय इथे आड येत होती. कंसातील सूचना डोळ्यांना दिसत होती. पण उत्तर सापडल्याच्या आनंदात ती मनापर्यंत पोहोचत नव्हती.

उरलेल्या तेरा चुकांपैकी सात पेपराच्या शेवटच्या दहा प्रश्नांत होत्या. त्या दहांतले दोन दुहेरी प्रश्न वरच्या आठांत मोजलेलेच आहेत. सगळ्या दहांसमोर ‘अं’ होते आणि वेळेच्या रेघा पाहिल्यावर कारण उघड झाले. ९० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद; या हिशेबाने भाषेचे २५ प्रश्न ३० मिनिटांत संपायला हवेत. तिसऱ्या घंटेला, म्हणजे ४५ मिनिटे झाली तेव्हा, ती २९ व्या प्रश्नावर होती. पाचव्या घंटेला ५३ व्या. भाषेतील उताऱ्यांवर तिची चाळीस मिनिटे गेली होती. गणित पेपराच्या शेवटी येते, म्हणून भाषेत उधळलेल्या वेळेचा दंड गणिताला भरावा लागला. शेवटची दहा वर्तुळे तिने घाईघाईने रंगवून टाकली होती.

राहिले सहा प्रश्न. त्यांतले चार पृष्ठफळ आणि घनफळावरचे होते. खरे कच्चे गणित ते एवढेच! २१ चुकांपैकी आठ एका विशिष्ट प्रश्नप्रकाराच्या, सात वेळेच्या आणि सहा गणिताच्या. तिला आम्ही नुसतेच गणिताच्या जादा तासाला बसवले असते, तर तीन महिने घाम गाळून जास्तीत जास्त सहा प्रश्नांचा फायदा झाला असता आणि पंधरा प्रश्न तसेच गळत राहिले असते.

निदान नेमके असले की उपायही लहान असतो. दुहेरी प्रश्नांसाठी आम्ही तिला एकच नियम दिला: दोन अचूक पर्याय मागितले असतील तर चारही पर्यायांसमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचे आणि दोन ‘हो’ झाल्याशिवाय वर्तुळाला पेन लावायचा नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांतून केवळ असे प्रश्न कापून एका वहीत चिकटवले आणि रोज पाच, आधी वेळेचे बंधन न ठेवता, मग घड्याळ लावून सोडवून घेतले. वेळेसाठी नियम असा की, दुसरी घंटा झाली की भाषेचे काहीही राहिले असले तरी २६ व्या प्रश्नावर जायचे, राहिलेले शेवटी. सुरुवात गणितानेच करावी, असा सल्ला काही जण देतात. आम्ही तो करून पाहिला आणि सोडला, कारण मधूनच सुरुवात करणाऱ्या दोन मुलांची वर्तुळे एका ओळीने घसरली आणि पुढची सगळी उत्तरे चुकीच्या क्रमांकांपुढे गेली. घनफळासाठी मात्र कोणतीही क्लृप्ती नव्हती. तिथे गणिताच्या बाईंनी खोकी आणि डबे आणून तो धडा पुन्हा शिकवला.

ऑक्टोबरमध्ये दुसरी चाचणी झाली, दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेवर. निकाल लागला: ९८ गुण. भेटीच्या रविवारी तिची आई आली होती. दोन महिन्यांत दोनच गुण वाढलेले पाहून तिचा चेहरा उतरला. ‘एवढ्या लांब ठेवलं ते दोन गुणांसाठी का, सर?’ असे तिने विचारले. तो प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एकूण गुणांत नव्हते.

मी दोन्ही चाचण्यांच्या खुणा तिच्यासमोर ठेवल्या. ऑगस्टमध्ये मुलीने ४६ प्रश्नांना ‘ख’ लिहिले होते, त्यांतले ३७ बरोबर. २९ प्रश्नांना ‘अं’, त्यांतले ११ बरोबर. ३७ आणि ११ मिळून ४८. ऑक्टोबरमध्ये ‘ख’ ५३, त्यांतले ४६ बरोबर. ‘अं’ २२, त्यांतले फक्त ३ बरोबर. बेरीज ४९. म्हणजे खात्रीने बरोबर सोडवलेले प्रश्न नऊने वाढले होते आणि नशिबाने मिळालेले आठने घटले होते. गणितातील दुहेरी प्रश्न दोनांवरून सातांवर गेले होते. भाषेचा एक प्रश्न कमी झाला होता, कारण ती दुसऱ्या घंटेला उठून पुढे गेली होती. मी त्या माउलीला म्हटले, ‘बाजारात तुम्ही कापड विकत घेता. मागच्या वेळी दुकानदाराने चुकून जास्त मोजले आणि या वेळी बरोबर मोजले. म्हणून कापड महाग झालं का?’ ती थोडी हसली. शिवणकाम करणाऱ्या बाईला मापाची गोष्ट पटकन समजते.

हेच उलट दिशेनेही खरे आहे, आणि ते सांगायला अधिक धैर्य लागते. तीस-एक प्रश्न अंदाजाने रंगवणाऱ्या मुलाचे नशीब एका चाचणीत चार-पाच प्रश्नांनी इकडे किंवा तिकडे सहज झुकते. दोन गुणांचा एक प्रश्न, म्हणजे आठ-दहा गुणांचा फरक काहीही न शिकता पडू शकतो. असा मुलगा एका चाचणीतून दुसरीत दहा गुणांनी वर गेला की आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या वेळी दहाने खाली आला की त्याला रागावतो. दोन्ही वेळा आपण नाण्याच्या उडण्याला प्रगती किंवा आळस अशी नावे देत असतो.

प्रश्नपत्रिकाही सगळ्या एका वजनाच्या नसतात. म्हणून कोणत्याही दोन चाचण्यांची तुलना करताना मी वर्गातील सर्व मुलांचे गुण उतरत्या क्रमाने लावून बरोबर मधल्या मुलाचे गुण पाहतो. ऑगस्टमध्ये ते ८८ होते, ऑक्टोबरमध्ये ८०. म्हणजे दुसरा पेपर साऱ्या वर्गालाच अवघड गेला होता आणि त्या अवघड पेपरात ही मुलगी दोन गुणांनी वर गेली होती. हा मधला आकडा शेजारी नसेल तर ९६ आणि ९८ हे दोन आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. बाजारातील सराव संचांबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. काही संच अतिसोपे असतात, काही मुद्दाम भयंकर. काहींत दुहेरी प्रश्न नावालाच असतात. परिषदेच्या पेपरात सोपे, मध्यम आणि कठीण प्रश्न साधारण ३०, ४० व ३० टक्के असे ठेवलेले असतात. सराव संच हात बसवायला जरूर वापरावेत. मोजायला मात्र प्रत्यक्ष झालेला पेपरच घ्यावा.

आणि असे पेपर मोजकेच आहेत. २०१७ पूर्वीच्या सातवीच्या प्रश्नपत्रिका मापासाठी उपयोगाच्या नाहीत, कारण इयत्ता आणि स्वरूप दोन्ही वेगळे होते. त्यानंतरच्या वर्षाला एक याप्रमाणे जमतील तेवढ्याच. ही पुंजी आम्ही पूर्वी उधळत असू. जूनपासून दर रविवारी एक पेपर, दिवाळीपर्यंत सगळे संपले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तोच पेपर दिला की गुण वीस-पंचवीसने वाढत आणि आम्ही खूश होत असू. पण मुलाने एकदा पाहिलेला पेपर त्याचे ज्ञान मोजत नाही, स्मरण मोजतो. आता आम्ही सर्वांत जुने तीन-चार पेपर कापून प्रश्नप्रकारांच्या वह्या करतो, मधले पेपर पूर्ण वेळ लावून चाचणीसाठी वापरतो आणि सर्वांत अलीकडचे दोन पाकिटात बंद करून कपाटात ठेवतो. ते जानेवारीतच उघडतात. तपासताना परिषदेने प्रसिद्ध केलेली अंतिम उत्तरसूची घ्यावी. आधी अंतरिम सूची येते, तिच्यावर आक्षेप मागवतात आणि काही उत्तरे बदलतात. अंतरिम सूचीवरून तपासून आम्ही एकदा बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलांना चुकीचे ठरवले होते. ती मुले बिचारी बरोबर पद्धत सोडून चुकीची पाठ करू लागली.

आता मूळ आग्रहाकडे येतो. ही सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: मुलाने ‘अं’ खरेपणाने लिहिले पाहिजे. ते तो केव्हा लिहील? त्या अक्षराची त्याला लाज वाटणार नाही तेव्हा. पहिल्या वर्षी मी एक चूक केली. कोणाचे किती ‘अं’ होते ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. हेतू चांगला होता. पुढच्या रविवारी सगळ्या पेपरांवर ‘ख’च ‘ख’! खात्रीने लिहिलेली चुकीची उत्तरे एकदम दुप्पट झाली, तेव्हा माझ्या लक्षात आले की मुले खोटे बोलायला शिकली आणि शिकवणारा मी होतो. तेव्हापासून खुणांचा कागद मूल आणि शिक्षक यांच्यातच राहतो. पालकांना तो त्यांच्या मुलापुरता, समोर बसवून दाखवतो. फळ्यावर काहीही लागत नाही.

म्हणूनच माझे असे स्पष्ट मत आहे की, आपल्या शाळेने सराव परीक्षांच्या गुणांची क्रमवारी दर्शनी फलकावर लावण्याची प्रथा थांबवावी. हेतू स्पर्धेचा असला तरी त्या यादीने तीन प्रकारची खोटी दया जन्माला येते, आणि ती मी माझ्याच हातून घडताना पाहिली आहे. आपला वर्ग मागे दिसू नये म्हणून दहा मिनिटे वाढवून देणे. दोन वर्तुळांपैकी एक बरोबर असेल तर ‘अर्धे तरी देऊ’ म्हणून एक गुण टाकणे. मूल अडले की ‘नीट वाच’ असे खांद्यावरून कुजबुजणे. प्रत्येक वेळी त्या क्षणी मुलाचे भले केल्यासारखे वाटते. पण फेब्रुवारीत परीक्षा केंद्रावर वाढीव मिनिटे नसतात, अर्धा गुण नसतो आणि खांद्यामागे कोणी नसते. माप वाकवून भाग पास केला, तर तो पुढे जोडणीच्या ओळीवर अडतोच, आणि तेव्हा तो परत घेण्याची किंमत कितीतरी जास्त असते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दहा दुहेरी प्रश्नांत दोनांवरून सात ही खरी सुधारणा मानता येते. सहावरून सात याला मी काहीच म्हणत नाही, पुढच्या चाचणीची वाट पाहतो. एका पेपरात घनफळाचे चारच प्रश्न असतील, तर त्यांवरून मुलाला घनफळ येते की नाही हे ठरवू नये. तीन-चार पेपरांतील तसे प्रश्न एकत्र करूनच निष्कर्ष काढावा. शिवाय खुणा कारण दाखवतात, उपाय करत नाहीत. ज्या मुलाच्या चुका खरोखरच धड्यांमुळे असतात, त्याला शेवटी धडाच शिकवावा लागतो. असा मुलगा प्रश्नपत्रिकांच्या ढिगाखाली पुरून हाती काही लागत नाही. त्याचे पेपर काही काळ बंद करून त्याच्या हातात पाठ्यपुस्तक द्यावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. जानेवारीत बंद पाकिटातला पेपर तिने दिला. ‘ख’ ६०, त्यांतले ५४ बरोबर; ‘अं’ १५, त्यांतले ४ बरोबर; एकूण ११६. मधल्या मुलाचे गुण त्या दिवशी ९० होते. प्रत्यक्ष परीक्षेत ती दोन्ही पेपरांत पात्र ठरली. गुणवत्ता यादीत मात्र तिचे नाव आले नाही. दुसऱ्या पेपरातील बुद्धिमत्ता चाचणीत ती मागे राहिली. त्या पेपरावर आम्ही खुणांची पद्धत फार उशिरा, डिसेंबरात सुरू केली होती. शिष्यवृत्तीचे वर्षाचे ७,५०० रुपये त्या घराला उपयोगी पडले असते, हे मला ठाऊक आहे आणि त्या उशिराची जबाबदारी माझी आहे. यंदा दोन्ही पेपरांवर खुणा जूनपासूनच आहेत.

निकालानंतर ती एका रविवारी वही घेऊन आली. नववीच्या घटक चाचणीच्या बीजगणिताच्या पेपरावर तिने स्वतःहून ‘ख’ आणि ‘अं’ लिहिले होते, कोणी सांगितले नसताना. ‘सर, इथे ख लिहिलं आणि चुकलं. असे पाच आहेत. पाचही वजाबाकीच्या चिन्हाचे आहेत,’ ती म्हणाली. पाचांपैकी पाच एकाच चिन्हाचे! तिला कुठे जायचे ते कळले होते. आम्ही दोघे बाकावर बसलो आणि कंसाबाहेरच्या उणे चिन्हापासून सुरुवात केली.